त्रयोदशीच्या अलीकडचा रविवार

लेक पुण्याला नोकरीला लागून आता दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिच्या कचेरीत नव्या लोकांची ओळख करून द्यायचा काहीतरी कार्यक्रम होता. त्यात प्रत्येकाला एक प्रश्न होता, तुमचा परिपूर्ण रविवार कसा असतो? रात्री फोनवर तिने तोच मला विचारला. मी म्हणालो, "निवांत."

"बाबा, निवांत म्हणजे काय? किती वाजता उठशील, कुठे जाशील, काय खाशील, कोण काय काम करेल, ते सांग. निवांत सगळेच म्हणतात."

मी उद्या सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. मग भिंतीवरच्या कालनिर्णयाचं पान उलटून बघत उभा राहिलो. ती माझी सवयच आहे. माझा रविवार ठरतो तो तारखेवर नाही, तिथीवर.

आमचं घर नेरुळला. मी तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे, सहा दिवस कामाचे, रविवार सुट्टीचा. घरात मी, बायको आणि आई. आईला एक्क्याऐंशी पूर्ण झाली आहेत. तिचं माहेर आणि सासर दोन्ही अलिबागकडचं, त्यामुळे रविवार म्हणजे मासे यात चर्चेला जागा नाही. प्रश्न एवढाच, की कोणता मासा आणि कधीचा.

माझे वडील खाडीकाठच्या गावात वाढले. घड्याळ नसताना ते भरतीची वेळ सांगायचे, आणि बहुतेक वेळा ती बरोबर यायची. मला वाटायचं ते पाण्याकडे बघून सांगतात. मग एकदा त्यांनी शिकवलं. त्यांच्या वेळच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. तिथी घ्यायची आणि पाऊणकीत तिच्यासमोर जे येईल ती भरतीची वेळ. प्रतिपदेला बारा वाजून पाऊण तास, द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि अमावास्या-पौर्णिमेला पुन्हा सव्वाअकरा-बारा. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. भरती दिवसातून दोनदा, म्हणजे नऊ म्हटलं की सकाळचे नऊ आणि रात्रीचे नऊ-साडेनऊ. दोन्हींच्या मधोमध, सहा तासांच्या थोडं पुढे, ओहोटी.

यामागचं कारण साधं आहे. चंद्र रोज पन्नासएक मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागे रोज तेवढीच सरकते. पाऊण तास हा तोंडी हिशेबाला सोपा पडावा म्हणून धरलेला आकडा. म्हणून अर्धा तास इकडेतिकडे होतो. शिवाय हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. पाणी खाडीत आत शिरून आमच्याकडे यायला आणखी थोडा वेळ लागतो. वारा जोराचा असेल तरी फरक पडतो. पण सकाळी किती वाजता घराबाहेर पडायचं एवढं ठरवायला हा हिशेब पुरतो, आणि त्यासाठी मला फोन उघडावा लागत नाही.

आता यात मासे कुठे आले, ते सांगतो.

बेलापूरच्या टोकाला दिवाळे कोळीवाडा आहे. तिथल्या बाजारात दोन प्रकारचा माल असतो. एक पहाटे टेम्पोतून येतो, मुंबईच्या बंदरातून, बर्फात. पापलेट, सुरमई, रावस, मोठी कोळंबी त्यात. तो कोणत्याही दिवशी मिळतो आणि चांगला असला तर चांगलाच असतो. दुसरा माल म्हणजे गावातल्या छोट्या होड्यांनी खाडीतून आणलेला. बोय, खाडीची बारीक कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या, नशीब असेल तर एखादा जिताडा. हा थोडाच असतो, आणि पूर्वीपेक्षा खूपच थोडा असतो. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी खाडीत किती वर्षं गेलं ते इथल्या कोळ्यांना कोणी सांगायला नको. आणि हा माल पाण्याच्या वेळेवर येतो. ओहोटीला धक्क्याशी नुसता चिखल उघडा पडतो, होडी आत येऊच शकत नाही. पाणी चढू लागलं की होड्या त्याच्याबरोबर आत सरकतात.

दुसरी गोष्ट जोराची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढ जबर असते. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी जेमतेम हलतं. खाडीच्या तोंडाशी खुंटाला बांधलेलं डोल जाळं म्हणजे एक लांब पिशवी. ती कोणी ओढत नाही. पाण्याची ओढच मासळी तिच्यात लोटते. ओढ नाही तर पिशवी रिकामी. म्हणून भांगाच्या रविवारी दिवाळ्याला जाऊन खाडीचा मासा मागणं म्हणजे त्या बायकांना उगाच अडचणीत टाकणं.

दोन्ही हिशेब एकत्र केले की माझा रविवार सापडतो. भरती सकाळी नऊ ते पावणेदहा हवी, म्हणजे सात-आठच्या सुमाराला होड्या धक्क्याला लागतात. आणि भांग संपून ओढ वाढायला लागलेली हवी. असा दिवस म्हणजे द्वादशी, फार तर त्रयोदशी. त्यातही द्वादशी बरी, कारण आई एकादशी करते आणि दुसऱ्या दिवशी तिला भूक चांगली लागलेली असते.

गेल्या रविवारी माघ शुद्ध द्वादशी होती. म्हणून लेकीला कल्पनेतला सांगण्यापेक्षा तोच रविवार सांगायचा असं मी ठरवलं.

कामाच्या दिवशी मी पाच-वीसला उठतो, रविवारीही तेवढ्यालाच. जास्त झोपलो तर दिवस आखडतो आणि अंगही जड होतं. उठून आईचं पाणी तापवलं, तिच्या रक्तदाबाची आणि थायरॉईडची गोळी वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवली. थायरॉईडची उठल्याबरोबर, दुसरी नाश्त्यानंतर. आठवड्याच्या गोळ्या मी रविवारीच डबीत भरतो. दिवे लावून, चष्मा घालून, एकेक पाकीट वाचून. या कामात मला मध्ये कोणी बोललेलं चालत नाही आणि घरात सगळ्यांना ते माहीत आहे.

सहाला चहा. चहा मी करतो, बायको तिच्या तिघी मैत्रिणींबरोबर फिरायला जाते. त्या पामबीचच्या बाजूने चालत जातात, कुठेतरी इडली खातात आणि साडेदहापर्यंत येतात. हे गेली नऊ वर्षं असं चाललं आहे. त्याआधी कसं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

तेव्हा माझ्या रविवारी मी बाजार करायचो, म्हणजे मासे आणायचो. पिशवी ओट्यावर ठेवली की माझं काम संपलं. एकदा माझे दोन चुलतभाऊ घरच्यांसह येणार होते. मी उशिरा, अकराच्या सुमाराला निघालो. तिथी अष्टमी, भांगाचा दिवस. खाडीची बोय हवीच म्हणून हट्टाने शोधत फिरलो आणि एका अनोळखी पाटीवरून पाच नग उचलले. कल्ले उघडून बघितले नाहीत. घरी हिने पोट चिरलं आणि अख्ख्या घरात वास पसरला. दोन बोया टाकाव्या लागल्या, तिसरीची खात्री नव्हती. मग ही पुन्हा डाळ, बटाटा, अंड्याचा रस्सा असं करत राहिली. नऊ माणसं जेवली. ही जेवायला बसली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि पाहुण्यांचा चहा टाकायची वेळ झाली होती.

रात्री भांडी लावताना ती म्हणाली, "मला रविवार आवडत नाही." रागाने नाही, सहज. मी काही बोललो नाही. पण ज्या दिवसाची मी सहा दिवस वाट बघतो, तो दिवस शेजारच्याच माणसाला नकोसा असतो, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या रविवारी मासे मी साफ केले. दोन तास लागले. त्याच्या पुढच्या रविवारी कालवणही केलं, आईला पाटावर बसवून, तिला विचारत विचारत. तेव्हापासून रविवारचं स्वयंपाकघर माझं. हिने ओट्याजवळ यायचं ते फक्त पाणी प्यायला.

तर गेल्या रविवारी पावणेसातला स्कूटर काढली. कापडी पिशवीत स्टीलचा झाकणाचा डबा, त्यात फ्रीजमधल्या बर्फाचे खडे. पामबीच रोडला त्या वेळी गर्दी नसते, उजव्या हाताला तिवरांची दाट हिरवी भिंत असते आणि तिच्या पलीकडून खाडीचा ओला, खारट वास येतो. किल्ला जंक्शनवरून दिवाळे गाव लगेच. धक्क्यावर गेलो तेव्हा पाणी पायऱ्या चढत होतं. खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. मी नेहमी आधी पायऱ्या बघतो, मग बाजारात जातो.

ज्या मावशींकडून मी घेतो त्यांचं वय साठीच्या पुढे असेल. त्यांच्या पुढ्यात एक पाटी आणि एक ॲल्युमिनिअमची परात. त्यांनी मला बघून परातीवरचा ओला गोणपाट बाजूला केला.

"बोय हाय. आताच आयलीत. हात लावून बग."

पूर्वी मी नुसता डोळा बघायचो. डोळा फसवतो असं नाही, पण बर्फात ठेवलेल्या माशाचा डोळा बराच वेळ बरा दिसतो. बोयीचा डोळा फुगलेला, काळा आणि ओला हवा, आत बसलेला नको. मग कल्ला उघडायचा. आत लाल, ओलसर रक्ताचा रंग हवा. तपकिरी झाला असेल किंवा चिकट तार सुटत असेल तर ठेवून द्यायची. मग पाठीवर बोट दाबायचं, खळगा लगेच भरून आला पाहिजे. आणि बोयीत सगळ्यांत महत्त्वाचं पोट. हा मासा तळाचा गाळ आणि शेवाळं खातो, त्याच्या पोटात चिखल भरलेला असतो. म्हणून तो पोटाकडून आधी बिघडतो. पोट मऊ लागलं, किंवा मागच्या बाजूने काही पाझरत असेल, तर वर डोळे कितीही चांगले असोत, तो घ्यायचा नाही. त्या अष्टमीच्या रविवारी मी एवढं एक बोट दाबलं असतं तरी पुरलं असतं.

चार बोया घेतल्या, विताहून थोड्या मोठ्या, मिळून किलोभर. भाव त्यांनी सांगितला तो दिला. मी या बाजारात घासाघीस करत नाही. ज्या बाईचा नवरा किंवा मुलगा रात्री थंडीत पाण्यावर होता, तिच्याकडे तीस रुपये कमी करायला मी उभा राहतो आणि मग परतताना दीडशेची कॉफी पितो, हे मला एकदा जाणवलं आणि ते बंद झालं. चांगला मासा मिळाला नाही तर मी घेत नाही, ते त्यांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांनी चिंबोऱ्या दाखवल्या, मी दोन उचलून बघितल्या. आकाराच्या मानाने हाताला हलक्या लागल्या. पायाजवळच्या बाजूने खालचं कवच अंगठ्याने दाबलं तर दबलं. म्हणजे कात टाकून फार दिवस झालेले नाहीत, आत मांस भरलेलं नाही. मावशीच म्हणाल्या, "आवसेला ये, तवा भरल्या आसतील." अमावास्येच्या सुमाराला चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेच्या सुमाराला पोकळ असते, असं इथे सगळेच म्हणतात. मी ते मानतो, पण अंगठा दाबल्याशिवाय अमावास्येलाही घेत नाही.

येताना दहा मिनिटं नेरुळच्या डीपीएस तळ्याशी थांबलो. डब्यात बर्फ होता म्हणून थांबता आलं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी आमच्या खाडीत असतात. ओहोटीला ते उघड्या चिखलावर पसरून खात असतात, लांबून गुलाबी रेघ दिसते. भरतीने चिखल बुडाला की ते उडून काठाच्या उथळ तळ्यांकडे येतात. म्हणजे ज्या पाण्याने माझी होडी आत येते, त्याच पाण्याने पक्षीही आत येतात. त्यामुळे द्वादशीच्या सकाळी दोन्ही मिळतात. पुष्कळसे एका पायावर, मान पाठीत खुपसून उभे होते. एक म्हातारे गृहस्थ नातवाला खांद्यावर घेऊन मोजायला शिकवत होते. पोरगं एकोणतीसनंतर दरवेळी अडत होतं.

साडेआठला घरी. ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, विळी काढली. खवले शेपटीकडून डोक्याकडे, उलटे काढायचे. पाण्याच्या बारीक धारेखाली काढले तर उडत नाहीत. मग पोट चिरायचं, पण वरवर. सुरी खोल गेली तर आतला गाळाचा गोळा फुटतो आणि सगळं मांस मातकट होतं. आतलं सगळं एका हातात धरून अखंड ओढून काढायचं.

यानंतरची पायरी मला आईने शिकवली. बोयीच्या पोटात आतून एक पातळ काळा पडदा असतो, कार्बन पेपरसारखा. पाण्याने धुतला तर तो जात नाही. बरेच जण तो तसाच ठेवतात आणि मग म्हणतात, खाडीच्या माशाला चिखलाचा वास येतो. तो अंगठ्याने किंवा जाड मिठाने घासून घासून काढायचा, आतलं मांस पांढरं दिसेपर्यंत. चार बोयांना मला पंधरा मिनिटं लागतात. आई खुर्ची घेऊन दाराशी बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, पण घासण्याच्या आवाजावरून ती सांगते, "अजून राहिलंय." गेल्या वेळीही तसंच झालं, मी उजेडात धरून बघितलं तर खरंच कण्याजवळ काळी रेघ होती.

तुकडे करून मीठ-हळद लावून ठेवलं आणि मग पाऊण तास घर झाडून घेतलं, दोन बादल्या कपडे वाळत घातले. अर्ध्या नारळाचं खोबरं, सात-आठ लसूण पाकळ्या, चमचाभर धणे आणि सात भिजवलेल्या बेडगी मिरच्या यांचं वाटण केलं. आमच्या घरी कालवणात कांदा नसतो. आई म्हणते, कांदा गोड करतो आणि गोड झालं की चिंच जास्त घालावी लागते. पातेल्यात तेल, ठेचलेला लसूण तांबूस होईतो, मग वाटण. तेल सुटेपर्यंत धीर धरायचा. इथे घाई केली तर खोबऱ्याचा कच्चा वास शेवटपर्यंत राहतो. मग पाणी, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ. उकळी फुटली की तुकडे सोडायचे आणि आच कमी करायची. सात-आठ मिनिटं. त्यानंतर डाव घालायचा नाही. पातेलं दोन फडक्यांनी धरून गोल हलवायचं, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. डोकी टाकायची नाहीत, रश्श्याला खरी चव तीच देतात.

ही साडेदहाला आली. आंघोळ करून गॅलरीत दोन वर्तमानपत्रं आणि दोन्ही पुरवण्या घेऊन बसली. रविवारी ती पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, शब्दकोडं पेनाने सोडवते. साडेअकराला मी भात टाकला. तांदळाच्या भाकऱ्या करावे गावातल्या एका ताईंकडून येतात, सहा, सुती फडक्यात गुंडाळलेल्या. भाकरी मला जमते, पण ताईंच्या हातची आईला आवडते आणि त्यांचाही रविवारचा चार पैशांचा धंदा होतो.

शेजारच्या दाराला एक वाटी गेली, दोन तुकडे आणि वर रस्सा. तिथे एक काका एकटे असतात. त्यांची वाटी कधी रिकामी परत येत नाही. या वेळी चार चिकू आले.

साडेबाराला बसलो, तिघंही एकाच वेळी. रविवारी कोणी मागून जेवायचं नाही, हा नियम मी केला आहे आणि तो मोडू देत नाही. आईचं ताट मी माझ्याकडे ओढून घेतो. खिडकीकडे तोंड करून बसतो, म्हणजे उजेड ताटावर पडतो. बोयीचा तुकडा आधी कण्यावरून उघडायचा, कणा अख्खा उचलून बाजूला ठेवायचा. मग बरगडीचे काटे, ते दिसतात. पण पाठीच्या मांसात काही बारीक काटे असतात, ते दिसत नाहीत. ते शोधायला डोळ्यांपेक्षा बोटांची टोकं बरी. मांस दोन बोटांत हलकेच चिमटत पुढे जायचं, टोचलं की थांबायचं आणि टोचेल त्या दिशेनेच ओढायचं, आडवं ओढलं तर काटा तुटून आत राहतो. तीन तुकड्यांना दहाएक मिनिटं जातात. तोपर्यंत माझा भात निवतो. आई प्रत्येक वेळी म्हणते, "तू जेव आधी." मी लहान असताना हेच ताट दुसऱ्या बाजूला होतं. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला बोयीच्या काट्याचा एक जुना व्रण आहे, तो मी कितीदा तरी बघितला आहे.

तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "चिखल नाही."

जेवणानंतर भांडी मी घासली. माशाची भांडी आधी गार पाण्याने आणि बेसनाने, मग साबणाने. गरम पाणी आधी घातलं तर वास भांड्याला धरून बसतो. खवले-काटे कुंडीत खोल पुरले, वर बोटभर माती. उथळ पुरले तर मांजरं उकरतात. कढीपत्ता त्यावरच वाढलाय. मग दोन ते चार झोप, फोन दुसऱ्या खोलीत. संध्याकाळी हिच्याबरोबर बाजार, इस्त्रीचे कपडे, आणि आईला खाली बाकावर तासभर.

रात्री नऊला मी गॅलरीत उभा राहून हे सगळं लेकीला सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. मग विचारलं, "आणि पाऊस असताना? श्रावणात?"

जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, मासळीच्या विणीचा काळ तो. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे सुकट, सोडे, सुके बोंबील. श्रावणात वालाचं बिरडं. वाल शुक्रवारी रात्री भिजत घालायचे, मोड आले की शनिवारी संध्याकाळी तिघांनी बसून सोलायचे. तो वेगळा रविवार, तोही चांगला असतो, पण त्यात पाणी नसतं.

"मला हा द्वादशीचा हवाय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी येऊ?"

मी पान बघितलं. पुढच्या रविवारी वद्य चतुर्थी, संकष्टी. आई चंद्रोदयापर्यंत जेवणार नाही, आणि पाऊणकीत चार म्हणजे तीन, सकाळी नऊच्या सुमाराला धक्क्याशी चिखल. शनिवारी साबुदाणा भिजवायचा. त्याच्या पुढच्या रविवारी एकादशी, सव्वाआठ. पाणी वेळेवर आहे, पण आईचा उपास. त्यापुढे फाल्गुन शुद्ध तृतीया, सव्वादोन, होड्या दुपारी. आणि त्याच्या पुढे दशमी.

"दशमीला साडेसात," मी म्हणालो. "भांग नुकताच सरलेला असेल, मासा थोडाच मिळेल. पण होळी पाच दिवसांवर असेल, कोळीवाड्यात होड्या रंगवायला घेतलेल्या असतील, त्या बघायला मिळतील. पाणी साडेसातला भरतं म्हणजे होड्या सहालाच लागणार. तू शनिवारी रात्रीच ये. साडेपाचला निघू."

"साडेपाचला?"

"अंधार असतो. स्वेटर आण."